शब्द, करेक्शन आणि मध्येच थांबलेलं काम: भाषांतराचं बिल कसं करावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कन्नड-मराठी भाषांतराच्या कामाला तोटा नाही. सोसायट्यांचे अहवाल, नोटिसा, खरेदीखतं, कंपन्यांची माहितीपत्रकं, काही ना काही चालूच असतं. काम ठरतं मात्र फोनवर, "करा की, बिल लावून द्या, बघू" एवढ्यावर. मग बिल गेलं की ते तीन ठिकाणी अडतं. शब्द एवढे कसे झाले? दोन शब्द बदलले तर त्याचे पैसे का? आणि जे काम झालंच नाही, त्याचे पैसे कसले?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बिल करताना शोधायला बसलं तर हाती वादच येतो. ती काम घेतानाच लिहून ठेवावी लागतात. बिलात फक्त त्यांचा हिशेब मांडायचा असतो. म्हणून इथे एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. बेळगावची एक क्रेडिट सोसायटी समजा. तिला कन्नडमधला वार्षिक अहवाल आणि पोटनियम, दोन्ही मराठीत हवेत. दर शब्दाला 2 रुपये धरला आहे. हा हिशेबाला सोपा म्हणून घेतलेला आकडा आहे, त्याला बाजारभाव समजू नका.

शब्द कुठल्या भाषेतले मोजायचे

मूळ मजकुराचे मोजा. कारण साधं आहे: ती संख्या काम सुरू होण्याआधी दोघांनाही दिसते, त्यामुळे एकूण खर्चही आधीच कळतो. भाषांतराचे शब्द मोजायचे ठरवलं तर रक्कम काम संपल्यावरच कळते, आणि मराठी लांबवली की काय अशी शंका येते ती वेगळीच. ही शंका अगदीच निराधार नसते. कन्नड क्रियापद सगळं पोटात घेऊन एका शब्दात उभं राहतं: ‘बंदिद्दाने’ हा एक शब्द, मराठीत ‘आला आहे’ हे दोन. त्यामुळे कन्नडवरून मराठीत येताना शब्द वाढतात. इंग्रजीवरून येताना उलटं होतं, कारण इंग्रजीतली सुटी अव्ययं मराठीत प्रत्यय होऊन शब्दाला चिकटतात. एका जोडीचा दर दुसऱ्या जोडीला लावू नका, ते यासाठीच.

आता प्रत्यक्ष मोजणी. वर्डमध्ये Review मधलं Word Count उघडलं की खाली टेक्स्ट बॉक्स, तळटिपा आणि शेवटच्या टिपा धरायच्या का, असा एक चौकोन असतो. अहवालात अध्यक्षांचं मनोगत, ठेवींच्या योजना वगैरे मजकूर हमखास टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलेला असतो. तुमच्याकडे तो चौकोन टिक केलेला आणि सोसायटीच्या क्लार्ककडे रिकामा असेल, तर एकाच फाइलचे दोन आकडे निघतात आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटतो.

दुसरा घोळ ताळेबंदाचा. वर्डला मोकळ्या जागांमधलं काहीही शब्दच वाटतं, त्यामुळे ‘4,52,310’ हाही एक शब्द धरला जातो. आपल्या अहवालाची पूर्ण मोजणी 11,150 आली. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकातले निव्वळ आकड्यांचे रकाने कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये टाकले, तर तिथे 1,750 दिसले. हे वजा करून 9,400 उरले आणि बिल त्यांचंच करायचं. आकडे तपासून उतरवायलाही वेळ लागतो हे खरं, पण त्याला शब्दाचा पूर्ण दर लावला तर ऑडिटरच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येत नाही. त्या मेहनतीचे पैसे हवेच असतील तर ठोक रक्कम वेगळी सांगावी.

तिसरी अडचण फाँटची. सोसायट्यांच्या जुन्या फाइली ‘नुडी’सारख्या कन्नड फाँटमध्ये असतात, युनिकोडमध्ये नसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेताना किंवा पीडीएफमधून उचलताना शब्द मध्येच तुटतात, नाहीतर दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटतात. फाइल डोळ्यांना बरी दिसते, मोजणी मात्र भलतीच येते. ओळखायचा उपाय एकच: मधलं एखादं पान घ्या, हाताने मोजा आणि त्याच पानाच्या यंत्राच्या मोजणीशी ताडून बघा. चार-दोन शब्दांचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर बदललेल्या फाइलवर विसंबू नका, मूळ फाइलवरच मोजा. मजकूर स्कॅन केलेला असेल, म्हणजे जुनं खरेदीखत किंवा शिक्क्यांखाली गेलेला उतारा, तर मूळ शब्द मोजायची सोयच नसते. तिथे तयार मराठीचे शब्द धरा, दर त्या हिशेबाने थोडा कमी ठेवा आणि अंदाजे रक्कम आधी कळवा.

काम घेताना पाठवायचा मजकूर

करारपत्र, स्टॅम्प पेपर यात शिरायची गरज नसते. एक ईमेल पुरतो. त्याला ‘मान्य’ असं उत्तर आलं पाहिजे, एवढं बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरही चालतं, पण सेक्रेटरी बदलले की त्यांचा फोनही जातो आणि त्यातलं बोलणंही. ईमेल सोसायटीच्या पत्त्यावर राहतो.

मजकूर साधारण असा:

> दर: मूळ कन्नडच्या प्रत्येक शब्दाला 2 रुपये. मोजणी वर्डप्रमाणे, टेक्स्ट बॉक्स आणि टिपा धरून, निव्वळ आकड्यांचे रकाने वगळून. अहवाल 9,400 शब्द, पोटनियम 12,000 शब्द.
>
> करेक्शन: दरात दोन फेऱ्या धरल्या आहेत. प्रत्येक फेरीचे सर्व बदल एकाच फाइलमध्ये, मसुदा मिळाल्यापासून 10 दिवसांत द्यावेत. पुढच्या फेरीला तासाला 400 रुपये. भाषांतरातली चूक केव्हाही विनामूल्य दुरुस्त केली जाईल. मूळ मजकूर बदलला किंवा वाढला तर ते नवे शब्द समजून वरच्याच दराने आकारले जातील.
>
> काम रद्द झाल्यास: तोपर्यंत झालेल्या शब्दांचे पूर्ण पैसे, आणि उरलेल्या शब्दांच्या रकमेच्या 25 टक्के. काम थांबवायला सांगून 15 दिवसांत पुन्हा सुरू करा असे कळवले नाही, तर काम रद्द समजले जाईल.
>
> पैसे: आगाऊ 15,000 रुपये. उरलेली रक्कम बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत.

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ पुढे बिलात उतरणार आहे. म्हणून आकडे इथेच घाला. ‘योग्य तो दर’, ‘आवश्यक त्या दुरुस्त्या’ असली मोघम भाषा सभ्य दिसते, पण वसुलीच्या वेळी तिचा काही उपयोग होत नाही.

करेक्शन म्हणजे नक्की काय

सगळी भांडणं इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू. मसुदा गेला की तीन प्रकारचे बदल परत येतात आणि ते एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिला प्रकार चुकांचा. ‘ठेवीदार’ हवं तिथे ‘कर्जदार’ पडलं, एक वाक्य सुटलं, रक्कम चुकली. हे तुमच्याकडून झालं आहे, त्यामुळे त्याचे पैसे नाहीत आणि त्याने ठरलेली फेरीही खर्च होत नाही. दुसरा प्रकार पसंतीचा. तुम्ही ‘भागभांडवल’ लिहिलं, संचालकांना ‘शेअर भांडवल’ हवं, कारण सभासद तेच बोलतात. दोन्ही बरोबर आहेत. हे बदल फेरीत मोजायचे. तिसरा प्रकार मुळातच बदल झाल्याचा. मसुदा गेल्यावर मंडळाची बैठक होते, अध्यक्षांच्या मनोगतात नवी शाखा आणि नवी योजना येते, आणि तुमच्याकडे निरोप येतो: "अहो सर, थोडंसंच करेक्शन आहे, तेवढं करून द्या की." कन्नड फाइल उघडली तर दीड पान नवं असतं.

हे वेगळं कसं काढायचं? वर्डमध्ये Review मधल्या Compare ने मूळ कन्नड फाइल आणि नवी कन्नड फाइल शेजारी ताडून बघा. नवा मजकूर रंगात दिसतो. तो उचलून वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि मोजा. आपल्या उदाहरणात तो 620 शब्दांचा निघाला, म्हणजे 1,240 रुपये. ही फाइल जपून ठेवा आणि बिलाला जोडा. तोंडाने ‘बरंच वाढलं होतं’ म्हणण्यापेक्षा रंगवलेलं दीड पान बघून सेक्रेटरी लवकर गप्प बसतात.

फेरी म्हणजे एक फोन नव्हे, हेही आधीच ठरलेलं असावं. संचालक सात असतील तर सातांचे सात फोन येतात, एक ‘सदस्य’ म्हणा म्हणतो, दुसरा ‘सभासद’. म्हणून ‘सर्व बदल एकाच फाइलमध्ये’ ही अट महत्त्वाची. फोन आलाच तर नम्रपणे म्हणावं, "साहेब, सगळ्यांचं एकत्र करून एकदाच पाठवा, म्हणजे तुमचीच एक फेरी वाचेल." हे पटतं, कारण त्यात त्यांचाच फायदा आहे. फेरी पूर्ण झाली की फाइलच्या नावात ती लिहून पाठवा, ‘अहवाल, फेरी 1, 12 ऑगस्ट’ अशी. पुढे कितवी फेरी यावर वाद झाला तर फाइलींची नावंच साक्ष देतात.

अहवालाच्या दोन फेऱ्या दरातच झाल्या. तिसरी छपाईच्या आदल्या दिवशी आली. तिला सुरुवात करण्यापूर्वी एका ओळीचा निरोप पाठवायचा: ‘ही तिसरी फेरी, अंदाजे 3 तास, 1,200 रुपये, सुरू करू का?’ होकार आल्याशिवाय हात लावायचा नाही. काम करून मग पैसे सांगितले तर ते द्यायला कुणी बांधील नाही असंच समोरच्याला वाटतं.

काम मध्येच रद्द झालं तर

पोटनियमांचं काम 12,000 शब्दांचं होतं. 5,150 शब्द झाले आणि मंडळाने ठरवलं की पोटनियमांतच आधी दुरुस्ती करायची, भाषांतर नको. यात कुणाचा दोष नाही. पण तुम्ही त्या दिवसांसाठी दुसरं काम नाकारलेलं असतं.

झालेल्या शब्दांचे पूर्ण पैसे: 5,150 गुणिले 2, म्हणजे 10,300 रुपये. उरले 6,850 शब्द, त्यांची रक्कम 13,700 होते, तिचे 25 टक्के 3,425 रुपये. हा आकडा मनमानी नाही, हे दाखवता आलं पाहिजे. दिवसाला 2,000 शब्द होतात असं धरलं तर उरलेलं काम साडेतीन दिवसांच्या आसपासचं होतं. दिवसाची कमाई 4,000. म्हणजे साडेतीन दिवस रिकामे जाऊनही मागणी एका दिवसापेक्षा कमीची आहे.

एवढं समर्थन कशाला हवं? भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे 1872 च्या, कलम 74 प्रमाणे करार मोडल्याबद्दलची रक्कम लिहून ठेवलेली असली तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. ‘रद्द केल्यास उरलेल्या कामाचे शंभर टक्के’ असं लिहिलं तर ते दंडासारखं दिसतं आणि टिकायची शक्यता कमी होते. पाव हिस्सा, फार तर एक तृतीयांश, यापुढे मी जात नाही. अगदी सुरुवातीलाच, एकही शब्द व्हायच्या आधी रद्द झालं, तर 10 टक्के पुरे. पण मग तशी पायरी मजकुरात लिहा.

रद्द झाल्याचा निरोप तोंडी आला तर त्याच दिवशी तुमच्याकडून ईमेल गेला पाहिजे: ‘आज दुपारी आपण फोनवर पोटनियमांचे काम थांबवण्यास सांगितले. तोपर्यंत 5,150 शब्द झाले आहेत.’ झालेला भाग कितपत आहे याचा पुरावा म्हणून त्याची पहिली आणि शेवटची पानं सोबत जोडा. पूर्ण फाइल पैसे आल्यावर द्यावी. आणि ‘तूर्त थांबा’ या निरोपापासून सावध राहा. ‘रद्द’ असं सहसा कुणी म्हणत नाही, सगळे ‘बघू’ म्हणतात. मजकुरातली 15 दिवसांची अट त्यासाठीच आहे.

बिल

वर नाव, पत्ता, पॅन, बिलाचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक आर्थिक वर्षाप्रमाणे सलग ठेवा, 2025-26/014 असा. खाली सोसायटीचं पूर्ण नाव आणि काम मान्य झालेल्या ईमेलची तारीख. ही तारीख घालायला लोक विसरतात, पण तीच बिलाला आधी ठरलेल्या अटींशी बांधते. मग तपशील:

| तपशील | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| वार्षिक अहवाल, कन्नड ते मराठी, दोन फेऱ्यांसह | 9,400 शब्द × 2 | 18,800 |
| मनोगतात वाढलेला नवा मजकूर | 620 शब्द × 2 | 1,240 |
| अहवाल, तिसरी फेरी | 3 तास × 400 | 1,200 |
| पोटनियम, रद्द होईपर्यंत झालेला भाग | 5,150 शब्द × 2 | 10,300 |
| पोटनियम, रद्द शुल्क | 6,850 शब्द × 2 च्या 25 टक्के | 3,425 |
| एकूण | | 34,965 |
| वजा आगाऊ | | 15,000 |
| देय | | 19,965 |

ठरलेल्या दोन फेऱ्यांची रक्कम शून्य असली तरी ‘दोन फेऱ्यांसह’ हे शब्द पहिल्या ओळीत असू द्या. नाहीतर तिसऱ्या फेरीची ओळ वाचणाऱ्याला पहिल्या दोन कुठे गेल्या ते कळत नाही. रद्द शुल्क झालेल्या कामात मिसळू नका, त्याला स्वतःची ओळ द्या. घासाघीस झालीच तर ती एकाच ओळीवर होते, बाकीचं बिल सुरक्षित राहतं.

बिलाची भाषा कोणती, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. मराठीत करायला हरकत काहीच नाही, पण बिल शेवटी ऑडिटरच्या टेबलावर जातं. तो कन्नड किंवा इंग्रजी वाचणारा असेल तर तपशिलाचा रकाना त्याच्या भाषेतही द्या. भाषांतरकाराला हे जड नाही, आणि ‘हे कसलं बिल आहे’ म्हणून फाइल परत येत नाही.

जीएसटी आणि टीडीएस

सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गिऱ्हाईक कोल्हापूरचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातलं असलं तरीही सेवांना ही सवलत आहे. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही, आणि वर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ असंही लिहायचं नाही, नुसतं ‘बिल’ लिहा. नोंदणी असेल तर भाषांतराला 18 टक्के लागतात: बेळगावच्या गिऱ्हाइकाला केंद्र आणि राज्य 9-9 टक्के, कोल्हापूरच्या नोंदणीकृत गिऱ्हाइकाला आयजीएसटी. सेवेचा कोड 998395.

टीडीएसमध्ये चुकीची जागा वेगळी आहे. व्यावसायिक शुल्क म्हणून कपात झाली तर ती 10 टक्के असते आणि 2025 च्या एप्रिलपासून वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत ती लागत नाही. आपलं बिल 34,965 चं, त्यामुळे वर्षात त्याच सोसायटीचं आणखी काम नसेल तर कपातही नाही. पण मार्चपर्यंत दुसरं काम येऊन बेरीज 50,000 वर गेली तर आधीच्या रकमेवरचाही कर नंतरच्या बिलातून एकदम कापला जातो आणि हातात अपेक्षेपेक्षा बरंच कमी येतं. तेव्हा घाबरू नका, आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर तेवढी रक्कम जमा दिसते का ते बघा. कपात एकूण रकमेवर होते, आगाऊ वजा करून उरलेल्या देय रकमेवर नव्हे, हेही क्लार्कला कधी कधी सांगावं लागतं.

पैसे येईपर्यंत

उद्यम नोंदणी करून ठेवा. ती विनामूल्य आहे आणि सरकारी पोर्टलवर होते. मात्र काम घेण्याआधी झालेली हवी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 2006 च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण मिळतं: मुदत लेखी ठरली असेल तर ती, पण कमाल 45 दिवस, आणि लेखी काहीच नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याने चक्रवाढ होणारं व्याज मागता येतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली तरी बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होतं.

यात करेक्शनशी जोडलेली एक खोच आहे. मुदत मोजायची ती काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. काम मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. म्हणजे फेऱ्या रेंगाळल्या तर पैशाची तारीखही पुढे सरकल्याचं गिऱ्हाईक म्हणू शकतं. फेरीला 10 दिवसांची मर्यादा आणि शेवटची फेरी संपल्यावर ‘आपल्या सर्व बदलांसह काम आज पूर्ण केले’ असा एका ओळीचा ईमेल, हे दोन्ही त्यासाठी हवेत. बिल त्याच दिवशी पाठवा.

सोसायटी पैसे व्हाउचरवर सही घेऊन देत असेल तर 5,000 वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, दोन-चार जवळ ठेवा. आणि रद्द शुल्कावर हरकत घेऊन त्यांनी 19,965 ऐवजी 16,540 च दिले, तर ते घ्या, पण पावतीवर ‘बिल क्र. 2025-26/014 पैकी, 3,425 बाकी’ असं लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द व्हाउचरवर आधीच छापलेले असतील तर सही करण्यापूर्वी ते खोडून घ्या आणि त्यांच्या प्रतीवरही तसंच खोडलंय ना, बघा.